पदवीचं कुंपण

जयनगरात राहणारी माझी एक मैत्रीण कन्नड शिकली ती शेजारणींशी बोलत आणि दुकानांच्या पाट्या वाचत. आता ती कन्नड कथांचे मराठी अनुवाद करते. परवा एका संपादकांनी तिच्याकडे चार ओळींचा परिचय मागितला आणि ती अडली. ‘स्वयंशिक्षित’ हा शब्द तिने लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. लिहावा तर मिरवल्यासारखं वाटतं. न लिहावा तर पदवीची जागा रिकामीच राहते.

मला याच शहरात जन्मलेल्या शकुंतला देवी आठवल्या. वडील सर्कशीत काम करायचे. मुलीचं रीतसर शिक्षण झालं नाही. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तिथल्या संगणक विभागाने निवडलेल्या दोन तेरा आकडी संख्यांचा गुणाकार त्यांनी २८ सेकंदांत सांगितला. इथे ‘अलौकिक’ हे विशेषण लागत नाही. काय केलं, कुठे, कधी आणि संख्या कुणी निवडल्या, एवढं पुरतं. त्या वेळच्या परिस्थितीवर पुढे काहींनी शंका घेतली. पण शंका घेता आली तीही तपशील समोर होते म्हणूनच.

मात्र सगळेच पुरावे सारख्या वजनाचे नसतात. ६,१६,२९,८७५ चं घनमूळ काढायचं आहे आणि ते पूर्ण घन आहे हे आधीच ठाऊक आहे, असं समजा. शेवटी ५ आहे, म्हणजे उत्तराच्या शेवटीही ५. उजवीकडचे सहा आकडे सोडले की उरतात ६१. ते ३ च्या आणि ४ च्या घनांमध्ये, म्हणजे २७ आणि ६४ यांच्यामध्ये येतात. म्हणून सुरुवातीला ३. आता शोधायचा तो फक्त मधला ९. उत्तर ३९५. ऐकणारा थक्क होतो, पण दोन आकडे जवळजवळ फुकट मिळालेले असतात. कुणीही निवडलेल्या संख्यांच्या गुणाकारात अशी सवलत नसते. आपला कोणता पराक्रम खरोखर अवघड होता, हे बहुधा करणाऱ्यालाच माहीत असतं. परिचयात सोपाच पराक्रम पुढे केला, तर त्यातलं एकही वाक्य खोटं नसूनही वाचणारा फसतो.

दुसरी अडचण सीमेची. शकुंतला देवी ज्योतिषही सांगत. गुणाकार बरोबर आला म्हणून भविष्य बरोबर येईल असं नाही. तरी एका कौशल्याचा दबदबा दुसरीकडे आपोआप पोचतो. पदवीवर निदान विषयाचं नाव छापलेलं असतं. आपणच शिकलेल्या विद्येला असं कुंपण नसतं. ते ज्याचं त्यानेच घालावं लागतं.

मैत्रिणीने शेवटी लिहिलं: ‘कन्नड बंगळुरात राहून शिकले. अकरा कथांचे अनुवाद केले. दोन्ही भाषा येणाऱ्या दोघांनी ते मुळाशी ताडून पाहिले आहेत. हळेगन्नड वाचता येत नाही.’

संपादकांनी शेवटचं वाक्य काढू का, असं विचारलं. ती नको म्हणाली. मलाही ते वाचूनच आधीच्या दोन वाक्यांची खात्री पटली होती.