तुकडी लहान केली, मग काय बदललं?

वर्गात मुलं कमी असली की शिकणं सुधारतं, हे पालकांना सांगावं लागत नाही. संशोधकांना मात्र गेली चाळीस वर्षं त्याचं एकच एक उत्तर मिळालेलं नाही. कुठे लाभ स्पष्ट दिसतो, कुठे शून्य. यावरून ‘पटसंख्येने काही फरक पडत नाही’ असा निष्कर्ष काढून शिक्षकांची पदं गोठवणं सोपं आहे, पण तो निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिली अडचण तुलनेची. अनेक शाळा कच्च्या मुलांची तुकडी मुद्दाम लहान ठेवतात. उलट चांगलं नाव असलेल्या शाळेत प्रवेशाला गर्दी होते आणि तिथले वर्ग फुगतात. नुसते गुण शेजारी मांडले तर मोठे वर्गच बरे, असंही दिसू शकतं. म्हणून १९८५ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने ‘स्टार’ हा प्रयोग केला. सुमारे ८० शाळांमधली बालवर्गापासून तिसरीपर्यंतची मुलं आणि त्यांचे शिक्षकही, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, कोणतीही निवड न करता वाटले गेले. काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ मुलांचे, तर काही तेवढेच मोठे पण मदतनीस दिलेले. लहान वर्गातली मुलं पुढे गेली. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना जास्त फायदा झाला. मदतनिसाचा मात्र फारसा उपयोग झाला नाही. अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर यांनी नंतर ही आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा बहुतेक लाभ लहान वर्गातल्या पहिल्याच वर्षी होतो, असं आढळलं.

हा पुरावा दाखवून १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने तिसरीपर्यंतचे वर्ग तिशीच्या घरातून वीसवर आणायला घेतले आणि त्यावर दरवर्षी अब्जाहून अधिक डॉलर खर्च केले. जवळजवळ सगळ्या शाळा एकदमच योजनेत शिरल्या, त्यामुळे तुलनेला मोठे वर्ग फारसे उरले नाहीत. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हजारो नवे शिक्षक एकाएकी हवे झाले. या वर्गांवर पूर्ण पात्रता नसलेले शिक्षक आधी शंभरात जेमतेम दोन होते, ते दोन वर्षांत बाराच्या आसपास गेले. अनुभवी शिक्षक गरीब वस्त्यांतल्या शाळा सोडून संपन्न शाळांतल्या नव्या जागांवर गेले. म्हणजे ज्या मुलांना टेनेसीत सर्वाधिक लाभ झाला होता, तशाच मुलांच्या वाट्याला इथे वर्ग लहान आला, पण शिक्षक नवखा आला. दोन्ही राज्यांनी ‘वर्ग लहान केला’ एवढंच साम्य. टेनेसीत बाकी सगळं जागच्या जागी होतं, कॅलिफोर्नियात काहीच नव्हतं.

पश्चिम केनियात २००५ साली सुरू झालेल्या प्रयोगातून आणखी एक पेच समोर आला. पहिलीच्या वर्गात ८० च्या वर मुलं होती. कंत्राटी शिक्षक देऊन वर्ग जवळपास निम्मे केले. कंत्राटी शिक्षकाकडची मुलं सुधारली. कायम शिक्षकाकडे राहिलेल्या मुलांच्या गुणांत मात्र मोठा फरक पडला नाही. कारण दुसरा माणूस आल्यावर कायम शिक्षक वर्गात कमी दिसू लागले. कागदावर पट निम्मा झाला, पण शिकवण्याचे तास घटले.

आपल्या मुंबईतला दाखला मला यांपैकी सर्वांत बोलका वाटतो. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात महापालिका शाळांमधली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज सुमारे दोन तास वस्तीतल्याच एका तरुणीकडे जात आणि अक्षरं, अंक यांपासून शिकत. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई-वडोदऱ्यातल्या या कामाची मोजणी केली. बालसखीकडे गेलेली मुलं सुधारली. मूळ वर्गात राहिलेल्यांचा वर्गही तेवढा वेळ लहान झाला होता, पण त्यांच्यात सुधारणा आढळली नाही. शिक्षक तेच, पुस्तक तेच, फळ्यावरून उतरवून घेणंही तेच. मुलं कमी झाल्याने शिक्षकाच्या हातात जी जागा आली, ती वापरण्याची पद्धत कोणी बदललीच नव्हती.

म्हणून संशोधनातली विसंगती मला गोंधळ वाटत नाही. पट हा आकडा आहे. मुलापर्यंत पोचतं ते शिक्षकाचं वागणं: वही तपासून चूक त्याच दिवशी दाखवणं, मागच्या बाकावरच्या मुलाला वाचायला लावणं. पट घटल्यावर हे घडलं तर लाभ, नाही घडलं तर शून्य.

आपल्याकडे हा आकडाही फसवा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलांना दोन शिक्षक, म्हणजे तीसला एक. प्रत्यक्षात अशा द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. तो पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन तिसरीला भागाकार शिकवतो. त्याला तिसरीसाठी मिळणारा वेळ तीसच्या भागाकारातून कळत नाही. संचमान्यतेच्या वेळी पटाबरोबर प्रत्येक इयत्तेला शिक्षकाचे किती तास मिळतात, हेही मोजलं पाहिजे.