कोवळ्या हाडावरचा ताण

पावसाळा सरता सरता शिरपूर तालुक्यातल्या शाळांत क्रीडा स्पर्धांची धांदल सुरू होते. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांचे संघ निवडायचे असतात. कबड्डी आणि खो-खोचा सराव सकाळ-संध्याकाळ चालतो. याच सुमारास आठवीतला एखादा मुलगा घरी सांगतो की टोंगळ्याच्या खाली दुखतंय. आई हात लावून पाहते, तर वाटीच्या दोन-तीन बोटं खाली, नडगीच्या माथ्यावर टणक उंचवटा लागतो. दाबलं की पोरगा कळवळतो. मग घरोघरी तेच अंदाज निघतात. कुणाला वाटतं कॅल्शियम कमी पडलं, कुणाला वाटतं पडल्याचा मुका मार आहे. हाड वाढलंय आणि आता ते कापावं लागेल, असं म्हणणाराही एक असतो. या मुलाच्या धाकट्या भावाची, पाचवीतल्या पोराची, खेळून आल्यावर टाच दुखत असेल, तर त्याच्यासाठी निराळं कारण शोधलं जातं.

दोन्ही दुखणी एकाच गोष्टीतून येतात. वाढत्या वयात स्नायूची ओढ जिथे हाडावर पोचते, तिथे अजून पुरतं हाड झालेलं नसतं.

मांडीच्या पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीला धरून असतो आणि वाटीखालून निघालेला जाड कंडरा नडगीच्या हाडावर एका उंचवट्याला चिकटतो. आपण धावतो, उडी मारून खाली येतो, रेड टाकताना अचानक थांबून मागे वळतो, तेव्हा शरीराचा सगळा वेग गुडघ्यात रोखला जातो. तो रोखण्याचं काम मांडीचा स्नायू करतो आणि त्याची ओढ शेवटी त्या इंचभर जागेवर येते. उडीत ही ओढ शरीराच्या वजनाच्या कित्येक पट असते. मोठ्या माणसात कंडरा पक्क्या हाडात रुजलेला असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलात तो उंचवटा अजून बराचसा कूर्चेचा असतो आणि त्याच्या आत हाडाचं एक स्वतंत्र केंद्र नुकतं तयार होऊ लागलेलं असतं. हे केंद्र आणि मूळ हाड यांच्यामध्ये वाढीची पट्टी असते. ओल्या मातीत ठोकलेल्या खुंटीला तगडा बैल बांधला, तर दोर तुटत नाही, खुंटीभोवतीची माती सैल होते. इथे स्नायू आणि कंडरा शाबूत राहतात आणि त्यांच्या टोकाची कूर्चा बारीक बारीक उचकटते.

पण तोच मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याला त्याच ठिकाणी का दुखत नव्हतं? कूर्चा तर तेव्हा अधिकच होती. याचं उत्तर ऑग्डेन आणि साउथविक या अमेरिकन अस्थितज्ज्ञांनी १९७६ मध्ये त्या उंचवट्याच्या सूक्ष्म रचनेचा अभ्यास करून मांडलं. लहान वयात तिथली वाढीची पट्टी तंतुमय कूर्चेची असते आणि तंतू ओढ सोसण्यातच तरबेज असतात. वय वाढतं तशी ही तंतुमय कूर्चा वरून खाली हळूहळू बदलते आणि तिच्या जागी खांबांसारख्या रांगांत मांडलेल्या पेशींची कूर्चा येते. ही नवी कूर्चा दाब उत्तम पेलते, पण ओढीपुढे कच्ची असते. म्हणजे मुलगा भराभर उंच होतो, वजन चढतं, स्नायूंना जोर येतो, खेळ गंभीर होतो, आणि नेमकं त्याच वर्षी ओढ सोसणारा भाग ओढीला अनुकूल राहत नाही. त्यातून नडगीचा वरचा भाग जुळून येताना मागून पुढे जुळत येतो आणि हा पुढचा उंचवटा सगळ्यात शेवटी पक्का होतो. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी वाटते, कारण बाकी सारं यातूनच उलगडतं.

मुलींची वाढ आधी होते, म्हणून त्यांना हे साधारण आठ ते तेराच्या दरम्यान गाठतं आणि मुलांना दहा ते पंधराच्या. टाचेचं वेळापत्रक याहून आधीचं असतं. टाचेच्या हाडाच्या मागच्या कडेला सात-आठ वर्षांच्या सुमारास असंच वेगळं केंद्र दिसू लागतं आणि पंधराच्या आसपास ते मूळ हाडात मिसळतं. त्याला वरून पोटरीचा कंडरा ओढतो, खालून तळव्याचा पडदा ओढतो आणि प्रत्येक पावलाला जमीन खालून ठोसा देते. टाचेत नुसती ओढच आहे की जमिनीचा दाब जास्त जबाबदार आहे, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. मला दोन्ही खरं वाटतं. आपल्याकडची काळी माती दिवाळीनंतर दगडासारखी कडक होते, तिच्यावर अनवाणी किंवा पातळ तळाच्या कॅनव्हासच्या बुटात पळणाऱ्या पोराला दोन्ही बाजूंनी मार बसतो. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की दुखतं, आणि मूल चवड्यावर लंगडत चालतं. पुष्कळदा दोन्ही टाचा दुखतात.

गुडघ्याचं हे दुखणं १९०३ साली बोस्टनच्या रॉबर्ट ऑस्गुड आणि झुरिकच्या कार्ल श्लॅटर यांनी वेगवेगळं वर्णिलं, म्हणून त्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. टाचेचं जेम्स सेव्हर यांनी १९१२ मध्ये सांगितलं. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, म्हणजे हाडांचे फोटो तेव्हा नवेच होते. तुकड्यातुकड्यांचं हाड पाहून धास्ती वाटणं साहजिकच होतं. आजही वाटते. टाचेच्या फोटोत मागचं केंद्र पांढरं शुभ्र आणि दुभंगलेलं दिसलं की पालक घाबरतात. पण तसाच फोटो काहीही न दुखणाऱ्या मुलांचाही येतो. हे निदान हाताने आणि चौकशीने होतं. फोटो काढायचा तो दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी.

आता दुखण्याचा स्वाभाविक प्रवास. कूर्चेचं हाड झालं, पट्टी मिटली, की दुखणं बहुतेकांचं थांबतं. गुडघ्याला एक-दोन वर्षं लागू शकतात, टाचेला सहसा त्याहून कमी. मधल्या काळात ते सरळ रेषेत कमी होत नाही. सुट्टीत गायब होतं आणि सराव सुरू झाला की परत येतं. उंचवटा मात्र बहुधा जन्मभर राहतो, कारण उचकटलेल्या भागाखाली नवं हाड भरून येतं. तो आजार उरल्याची खूण नाही. थोड्यांना मोठेपणीही गुडघे टेकून बसताना त्रास होतो. क्वचित हाडाचा एक सुटा कण कंडऱ्याखाली राहतो, तो फार सतावत असेल तर वाढ पूर्ण झाल्यावर काढतात. कॅल्शियमच्या गोळ्यांनी या प्रवासात फरक पडत नाही. दुखऱ्या जागी जोराने मालिश करू नये, आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन तिथे देऊ नये, त्याने कंडरा आणि वरची त्वचा दुबळी होऊ शकते.

मग करायचं काय? समजा, तो आठवीतला मुलगा तेरा वर्षांचा आहे. वर्षभरात पँट दोनदा आखूड झाली आहे. सकाळी दीड तास कबड्डी, शाळेत पीटी आणि वज्रासन, संध्याकाळी गल्लीत क्रिकेट. दोन महिन्यांपासून उजव्या गुडघ्याखाली दुखतंय. त्याला पलंगावर झोपवून पाय सरळ उचलायला सांगितला तर तो उचलतो. एका पायावर अर्धं बसायला सांगितलं तर नेमकी ती जागा दुखते. पूर्ण विश्रांती सांगितली तर तो चार दिवस ऐकेल आणि पाचव्या दिवशी चोरून खेळेल, शिवाय पडून राहिल्याने मांडीचा स्नायू दुबळा होईल. म्हणून दिवसभराच्या ओढीचा हिशेब मांडायचा आणि त्यातली सर्वांत महाग रक्कम आधी कापायची.

पहिले चार आठवडे उड्या, धावणं, रेडचा सराव आणि वज्रासन बंद. चालणं आणि सीट उंच केलेली सायकल चालू. रोज पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळून धरायचा, तीस सेकंद, असं दहा वेळा. खेळल्यावर दुखलं तर कपड्यात गुंडाळून बर्फ. दुखणं शून्य ते दहा असं मोजायला शिकवायचं. दोनपर्यंत चालू द्यावं, तीन ते पाच असेल तर कमी करावं, त्याहून वर गेलं तर त्या दिवशी थांबावं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. उठल्यावर जिना उतरताना कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल, तर कालचा खेळ जास्त झाला. पुढच्या आठवड्यांत भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं, मग एक पाय पुढे टाकून वाकणं. मैदानावर आधी हळू धावणं, मग वेगाने, मग उड्या, मग सराव, आणि सामना सर्वांत शेवटी. एक पायरी दोन-तीन दिवस निभली तरच पुढची.

याच धर्तीचा प्रयोग डेन्मार्कमध्ये मायकेल रॅथलेफ यांच्या गटाने दहा ते चौदा वर्षांच्या ५१ मुलांवर केला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांनी ८० टक्के मुलांनी बरं वाटतंय असं सांगितलं, पण खेळात परतलेली होती फक्त १६ टक्के. वर्षानंतर ती ६९ टक्के झाली. बरं वाटणं आणि सामना खेळणं यांत महिन्यांचं अंतर असतं, हे प्रशिक्षकांनी ऐकायला हवं. सप्टेंबरात हे व्यायाम सुरू करणाऱ्या मुलाला ऑक्टोबरच्या जिल्हा स्पर्धेत उतरवण्याचा हट्ट इथेच चुकतो.

धाकट्याच्या टाचेला सारं याहून सोपं आहे. दोन्ही बुटांत साधारण एक सेंटिमीटर उंचीची मऊ गादी, अनवाणी धावणं काही दिवस बंद, पोटरीचं हलकं ताणणं. जोरात ताणू नये, कारण ती ओढही त्याच जागेवर जाते. हॉलंडमध्ये १०१ मुलांवर टाचेखालची गादी, व्यायाम आणि नुसतं थांबून पाहणं यांची तुलना झाली, तेव्हा तीन महिन्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारलेले होते. गादीने बरं वाटत असेल तर घालावी, पण महागड्या बुटांसाठी कर्ज काढू नये.

मात्र या वयातलं प्रत्येक गुडघादुखणं हेच असतं असं नाही. हे दुखणं खेळाशी बांधलेलं असतं. रात्री झोपेतून उठवणारं, विश्रांतीतही न थांबणारं, ताप किंवा वजन घटण्यासोबतचं, किंवा आठवड्यागणिक वाढणारी सूज, यांचा तपास लगेच व्हावा. हाडाचा कर्करोगही याच वयात, गुडघ्याच्याच आसपास होतो. गुडघा दुखतोय पण तिथे दाबून काही सापडत नाही, आणि मांडी आत वळवायला जात नाही, तर दोष खुब्यात असू शकतो. उडी मारताना कट्कन आवाज येऊन पाय सरळ उचलणंच बंद झालं, तर उंचवटा पूर्ण निखळला असू शकतो. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावं. आणि शिरपूरच्या पावरा, भिल्ल वस्त्यांत आणखी एक गोष्ट आधी विचारावी. सिकलसेलच्या मुलाच्या हाडांत दुखण्याचे झटके येतात आणि हाडात जंतुसंसर्गही होतो. अशा मुलाचं नडगीचं दुखणं, विशेषतः तापासोबत, खेळाच्या नावावर टाकू नये. कार्ड असेल तर दाखवावं, आणि तपासणी झालीच नसेल तर ती आधी करून घ्यावी.