या की एकदा घरी

"या की एकदा घरी!" लग्नाच्या मांडवात, बसस्टॉपवर आपण सगळ्याच हे बोलतो. मग ते खोटं म्हणायचं का? मला नाही वाटत. निघताना आपण "जाते" न म्हणता "येते" म्हणतो, तसंच हे. त्यात माया असते, दिवस ठरलेला नसतो. "येऊ की, तुम्हीही या," एवढं हसून म्हटलं की पुरे.

खरं बोलावणं आपली सोय विचारतं. "तुम्ही दिवस मावळायच्या आत जेवता ना? मग पाचलाच या, कांदा-बटाटा घालत नाही," असं कुणी म्हटलं, की समजावं, तिनं मनात आपलं ताट मांडलंय. तिथं "बघू" म्हणू नये, दिवस सांगावा.

कळेनाच, तर मी म्हणते, "रविवारी शहापूरला येणार आहे, सवड असेल तर दहा मिनिटं डोकावते." मनात असेल तर ती वेळ विचारते, नाहीतर "रविवारी नको, सोमवारी या" म्हणते. नुसतं "बघू, कळवते" आलं, तर विषय तिथंच सोडावा. घरात आजारपण असेल, हात आखडता असेल. खोदून कारण विचारलं, तर तिला खोटं बोलावं लागतं, आणि त्या खोट्यात आपलाही वाटा असतो.