१२०, १२०, १२०

पुसेगाव म्हटले की लोकांना साताऱ्याकडचे सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. आमचे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. सकाळी अंगणात चहा घेताना हिंगोलीकडे जाणाऱ्या १०८ चा सायरन ऐकू आला की माझे लक्ष घड्याळाकडे जाते. आठच्या आत गेली, तर रात्रपाळीची गाडी. मग मनात पहिला प्रश्न येतो तो पेशंटचा नाही, सिलिंडरचा. काटा कितीवर असेल?

ही सवय मला एका रात्रीने लावली. महाराष्ट्रात १०८ ची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. गाडीत एक डॉक्टर आणि एक चालक. चालकाला सगळे पायलटच म्हणतात. मी काही वर्षे अशाच एका गाडीवर डॉक्टर होतो. कुठली गाडी, कुठले गाव, ते राहू द्या.

पाळी बदलताना एक तक्ता भरायचा. डिझेल, टायर, सायरन पायलटने बघायचे. ऑक्सिजन, सक्शन, औषधे, मास्क डॉक्टरने. खाली देणाऱ्याची सही आणि घेणाऱ्याची सही. बहुतेक रकान्यांत बरोबरची खूण चालते, पण ऑक्सिजनच्या रकान्यात आकडा लागतो. मी संध्याकाळी ड्यूटीवर आलो तेव्हा त्या रकान्यात वरच्या दोन्ही पाळ्यांनी १२० लिहिले होते. मीही १२० लिहिले आणि सही केली. काटा पाहिला नाही. आधीच्या डॉक्टरला एसटी गाठायची होती, आणि मला जेवायचे होते.

रात्री दम लागलेले एक आजोबा गाडीत घेतले. मास्क लावला आणि सिलिंडरची चावी फिरवायला गेलो, तर ती आधीच उघडी. काटा ४० वर.

हिशेब सोपा आहे. तो सिलिंडर दहा लिटरचा. काट्यावर जेवढा आकडा, त्याच्या दहापट लिटर ऑक्सिजन आत असतो. तळाचे १० सोडून द्यायचे, कारण तिथे प्रवाहाचा भरवसा नाही. म्हणजे तक्त्याप्रमाणे माझ्याकडे ११०० लिटर होते. पिशवीच्या मास्कला मिनिटाला दहा लिटर धरले, तर एकशे दहा मिनिटे. प्रत्यक्षात होते ३०० लिटर, म्हणजे अर्धा तास. जिल्ह्याचे रुग्णालय पाऊण तासावर, आणि दुसरा सिलिंडर भरायला गेलेला. पायलटला काही समजावावे लागले नाही. त्याने गाडी वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयाकडे वळवली, तिथे आम्ही भरलेला सिलिंडर चढवला आणि पुढे गेलो. आजोबा पोहोचले.

परतताना कान लावून ऐकले तेव्हा रेग्युलेटरच्या जोडाशी बारीक फुसफुस होती. आतला वॉशर झिजलेला. आदल्या केसनंतर कुणीतरी फ्लोमीटर बंद केला, पण सिलिंडरची चावी उघडीच ठेवली. मिनिटाला लिटरभर गळती धरली तरी एका दिवसाच्या पाळीत ७०० लिटर उडून जातात.

ही गळती पकडायला दोन मिनिटे पुरतात. चावी पूर्ण उघडायची, आकडा वाचायचा. थोडा प्रवाह सोडून बघायचे. काटा झपकन खाली आला, तर चावी पुरती उघडलेली नाही. मग प्रवाह आणि चावी दोन्ही बंद करून मिनिटभर काट्याकडे बघत राहायचे. तो खाली सरकला, तर जोड गळतो आहे. शेवटी आत अडकलेली हवा सोडून काटा शून्यावर आणायचा. नाहीतर चावी बंद असतानाही तो जुनाच आकडा दाखवत राहतो, आणि पुढचा माणूस तोच लिहितो. जोडाला तेल, ग्रीस कधीच लावायचे नाही. ऑक्सिजनपाशी ते पेट घेते.

भरपाईचेही असेच. वापरलेले सामान केस संपताच लिहावे लागते. सकाळी आठला आठवून लिहिलेली यादी नेहमी दोन सलाईन सेट कमी भरते. पुढे आम्ही औषधांच्या पेटीला नंबरचे प्लॅस्टिक सील लावू लागलो. सील शाबूत असले, तर आतले मोजायची गरज नाही. तुटले असले, तर सगळे मोजायचे. पण सीलला एक्स्पायरी कळत नाही, म्हणून आतली सगळ्यात जवळची तारीख झाकणावर पट्टी चिकटवून लिहायची. लॅरिंगोस्कोपचा दिवा मात्र रोज पाते बसवून पेटवूनच बघायचा. त्याला दुसरा उपाय नाही.

त्या रात्री परत आल्यावर मी आधीची पाने चाळली. मधल्या दोन पाळ्यांत दोन केस झाल्या होत्या, दोघांनाही ऑक्सिजन दिल्याची नोंद होती. तरी रकान्यात ओळीने १२०, १२०, १२०. तिसऱ्यापुढे सही माझी.

खालच्या ओळीत मी ४० लिहिले, आणि पेन सरळ पायलटच्या हातात दिले. त्याने आधी टॉर्च काढला, काट्यावर धरला. तिथे आता नव्या सिलिंडरचा आकडा होता. "डॉक्टर, कुठला लिहायचा?" त्याने विचारले. मी म्हणालो, "दोन्ही लिहू. वेळ टाकून."