नंबर कुणाला दिला होता?

ढाणकीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वहिनी साड्या आणि ड्रेस मटेरियल विकतात. दुकानाला पाटी नाही. माल नांदेडहून येतो, फोटो व्हॉट्सॲपवर जातात, आणि गिऱ्हाईक म्हणजे गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. त्यामुळे दिवाळीला घरी गेलो की वायफायपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळं माझ्याकडे दुरुस्तीला येतं. तसा दोन वर्षांपूर्वी वहिनींचा धंदाही आला.

तेव्हा वहिनी प्रत्येकीला वेगळा फोटो पाठवायच्या. मला ते बघवलं नाही. मी दहा मिनिटांत ग्रुप बनवला, त्यांच्या फोनमधले सगळे नंबर त्यात टाकले, आणि जॉइन व्हायची लिंक त्यांच्या स्टेटसला लावली. आठवडाभरात दोनशेवर बायका झाल्या. विक्री वाढली, माझं कौतुक झालं, मी पुण्याला परत आलो.

दीड महिन्यानंतर एक बाई घरी आल्या. शाळेत शिकवतात, नवरा बाहेरगावी नोकरीला. रात्री साडेदहाला त्यांना अनोळखी नंबरावरून मेसेज यायला लागले होते. पहिल्या मेसेजमध्ये लिहिलं होतं की मरून रंगाची साडी तुम्हाला शोभून दिसेल. त्यांनी नंबर ब्लॉक केला, तर दुसऱ्या नंबरावरून आला. नवऱ्याने विचारलं, त्याला तुझ्या साडीचा रंग कसा कळला? या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. वहिनींना त्या एवढंच म्हणाल्या, "मी नंबर तुम्हाला दिला होता."

घरात लगेच संशय गेला तो डिलिव्हरीच्या पोरावर. कॉलेजात शिकणारा, गरिबाघरचा, सायकलवर पार्सल पोचवणारा. त्याच्याकडे रोज चिठ्ठीचा फोटो जायचा : नाव, नंबर, गल्ली, कोणती साडी, किती पैसे बाकी. दादाने त्याला काढून टाकलं. पोरगा म्हणाला, मी नाही केलं. सगळेच असं म्हणतात, असं दादा म्हणाला.

मला फोनवर हे कळलं तेव्हा मीही तेच गृहीत धरलं. मग सवयीने, एखादा बग शोधावा तसं, मी वहिनींना त्या बाईंची मूळ ऑर्डर पाठवायला सांगितली. चिठ्ठीवर हिरवी साडी होती. बाईंनी मरून घेतलीच नव्हती. मरूनची फक्त किंमत विचारली होती, तीही ग्रुपमध्ये, सगळ्यांसमोर. मेसेज पाठवणाऱ्याला ऑर्डर माहीत नव्हती, विचारपूस माहीत होती. पोरगा त्या ग्रुपमध्ये नव्हता. नंबर चिठ्ठीतून गेला नव्हता, माझ्या ग्रुपमधून गेला होता. लिंक स्टेटसवर होती, आणि बायकोचा फोन नवरा, दीर, मुलगा कुणीही हातात घेतो.

ग्रुपची गोष्ट अशी की त्यातल्या प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे नंबर दिसतात. फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकेल अशी सेटिंग केली तरी दिसतात. ती सेटिंग तोंड बंद करते, यादी झाकत नाही. हे मला माहीत होतं. फक्त नंबरांच्या त्या यादीत दोनशे घरं आहेत, असं मी कधी त्या यादीकडे पाहिलं नव्हतं.

यावर गावातला नेहमीचा युक्तिवाद असतो. आई म्हणाली, "गावात काय लपून राहतं रे? कोण कुठं राहतं, हे सगळ्यांना ठाऊकच आहे." हे खरं आहे, आणि म्हणून मला या प्रश्नावर बरेच दिवस विचार करावा लागला. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते सांगण्यात चूक काय?

मला सापडलेलं उत्तर असं. गावाला त्या बाईंचं घर ठाऊक आहे. त्यांचा नंबर काहींना ठाऊक आहे. नवरा बाहेरगावी असतो, हे शेजाऱ्यांना ठाऊक आहे. त्या कोणत्या रंगाकडे बघतात, हे फक्त दुकानदाराला ठाऊक होतं. हे चारही तुकडे निरुपद्रवी आहेत, जोवर ते वेगवेगळ्या माणसांकडे आहेत. विक्रेत्याच्या वहीत ते पहिल्यांदा एका ओळीत येतात. म्हणून विक्रेता जे सांभाळतो ते गुपित नसतं, ती जोडणी असते. आणि ती ओळ बाहेर गेली की गावातली ओळखच अनोळखी माणसाच्या उपयोगी पडते.

हे फक्त ढाणकीचं नाही. 2017 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मोबाईल रिचार्जच्या दुकानांबद्दल बातम्या आल्या होत्या. रिचार्जसाठी मुली वहीत नंबर लिहून द्यायच्या आणि काही दुकानदार तेच नंबर पोरांना पैसे घेऊन विकायचे. दुकानदाराने मुलीचा चेहरा पाहिलेला असायचा आणि नंबर त्याच्या वहीत असायचा. इथेही विकली जात होती ती जोडणी. यावर पुढे व्होडाफोनने 'सखी' नावाची सोय आणली, ज्यात स्वतःचा नंबर न सांगता दुकानातून रिचार्ज करता यायचा. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती सोय दुकानदाराला चांगलं वागायला सांगत नव्हती. त्याला नंबर कळायची गरजच काढून टाकत होती.

याहून जुनं उदाहरण मुंबईत आहे. डबेवाल्यांच्या डब्यावर जी खूण असते तिच्यात रंग, आकडे आणि अक्षरं असतात. डबा कोणत्या भागातून निघाला, कुठे उतरवायचा, कोणती इमारत, कितवा मजला, एवढं त्यातून कळतं. गिऱ्हाईकाचं नाव आणि फोन नंबर त्यात नसतो. डबा वाटेत अनेक हातांतून जातो, आणि प्रत्येकाला खुणेतला त्याच्या कामाचा भाग पुरतो. ही पद्धत गोपनीयतेसाठी जन्मली नाही, पटापट वाचता यावं म्हणून जन्मली. पण तिच्यातून एक गोष्ट सिद्ध होते : माल बरोबर दारात पोचवायला मधल्या माणसाला सगळं माहीत असावं लागत नाही.

कायद्याची बाजूही बघितली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती, कायद्यात बसत नसताना दुसऱ्याला सांगणं, ही त्यातली एक. त्यामुळे वही कागदाची आहे की फोनमधली, याने फारसा फरक पडत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात तर एक औषधाच्या दुकानाचंच उदाहरण दिलंय : पैसे मिळाल्याची पावती मेसेजने पाठवा म्हणून गिऱ्हाईकाने नंबर दिला, तर दुकानाने तो पावती पाठवण्यासाठी वापरावा. मास्तरीणबाई वेगळ्या शब्दांत हेच म्हणाल्या होत्या. नंबर माणसाला दिलेला असतो, आणि एका कामासाठी दिलेला असतो.

पुढच्या सुट्टीत मी वहिनींसोबत बसलो आणि प्रत्येक हातासमोर एकच प्रश्न लिहिला : याचं काम काय घेतल्याशिवाय अडेल? ग्रुप बंद केला. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट केली. तिच्यात फोटो सगळ्यांना जातो, पण कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही, आणि किमतीची विचारपूस थेट वहिनींकडे येते. एका लिस्टमध्ये 256 जणी मावतात. अडचण ही की ज्यांनी वहिनींचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. त्यामुळे तो सेव्ह करा म्हणून एकेकीला सांगावं लागलं. साठेक जणी गळाल्या.

चिठ्ठी बदलली. आता तिच्यावर तीनच गोष्टी असतात : ऑर्डरचा आकडा, घराची खूण आणि घ्यायचे पैसे. 'क्र. 14, मारुतीच्या देवळामागे निळं दार, 650.' पार्सल बंद, वर तोच आकडा. पोरगा निघायच्या आधी वहिनी स्वतः बाईंना फोन करतात. दार बंद असेल तर पोरगा वहिनींना फोन करतो, गिऱ्हाईकाला नाही. खेड्यांकडे जाणारं पार्सल ऑटोवाल्याकडे नाव न घालता जातं. तिथल्या ओळखीच्या दुकानात ते ठेवलं जातं, आणि बाई आकडा सांगून घेऊन जातात.

चिठ्ठीचा फोटो पाठवणंही बंद केलं, कारण व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बहुतेक फोनमध्ये आपोआप गॅलरीत जाऊन बसतो. पोराच्या फोनमध्ये महिनाभराच्या चिठ्ठ्या होत्या. त्याला ते माहीतही नव्हतं. आणि फोन तिघा भावांत एकच. शिवाय गिऱ्हाईकाला फोन करता यावा म्हणून त्याने नंबर सेव्ह केले होते, ते त्याच्या गूगल खात्यात गेले होते. काम सोडलं तरी ते तिथेच राहिले असते. वहिनींच्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडलं तर त्यात माझा लॅपटॉप होता, दिवाळीपासून. पुण्यात बसून मी कुणाचीही ऑर्डर वाचू शकत होतो. मी वाचली नाही, पण वाचली असती तर कुणाला कळलं नसतं.

हे सगळं फुकट होत नाही. वहिनींना रोज दहा-बारा फोन जास्त करावे लागतात, आणि एखादं पार्सल परत येतं. बाहेरगावी कुरिअर करायचं तर पूर्ण नाव, पत्ता, नंबर लिहावाच लागतो. तिथे आमचा उपाय संपतो.

दादाला हे सगळं नोकरावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं. म्हणाला, माणूस विश्वासू असला म्हणजे झालं. मी आधी त्याच्याशी सहमत होतो. पण विश्वासू माणूस निवडून काम भागत नाही, हे आम्ही बघितलंच होतं. पोरगा विश्वासू होता, तरी यादी बाहेर गेली, आणि शिक्षा त्यालाच झाली. नंबर तिघाचौघांकडे असला की तो कुठून गेला हे सहसा सापडत नाही, आणि जे सापडत नाही त्याचा दोष घरातल्या सगळ्यात कमजोर माणसावर पडतो. आमच्याकडे योगायोगाने साडीचा रंग आडवा आला. तोच रंग बाईंनी घेतला असता तर पोरगा आयुष्यभर ढाणकीत 'नंबर विकणारा' राहिला असता.

मी त्याच्या घरी गेलो. ग्रुप मी बनवला होता, हे सांगितलं. चिठ्ठीवर यापुढे नंबर नसेल, हेही सांगितलं. त्याने रागही धरला नाही आणि माफही केलं नाही. थोडा वेळ गप्प बसला, मग विचारलं, "मंग कुणाचा नंबर गेला तर माझं नाव नाही ना येणार?"

म्हटलं, नाही येणार.

"तर येतो मी सोमवारपासून," तो म्हणाला.

बाई मात्र परत आल्या नाहीत. आता त्या साड्या उमरखेडहून घेतात.