आप्पांचा पहाटेचा फोन

निपाणी

चि. विनू,


गेल्या सुट्टीत तू इथं होतास तेव्हा शेजारच्या आप्पांचा पहाटे साडेपाचचा फोन ऐकून डोळे चोळत त्यांच्या ओसरीवर गेलास, आणि ‘आप्पा, नंबर चुकतोय, द्या इकडं, मी मोबाईलमध्ये सेव्ह करून देतो’ म्हणालास. चांगल्या मनानंच म्हणालास, ते मला काय सांगायला हवं? फक्त जरा घाई झाली. म्हणून ही हकीगत सावकाश लिहितोय; चहा घेऊन बस.

आप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. तिथं काळा, जड, तबकडीचा फोन होता. त्यात बोट घालून आकडा अडेपर्यंत फिरवायचा आणि सोडून द्यायचा. तबकडी आपली आपण माघारी येते. येताना एकाला एक, दोनाला दोन आणि शून्याला दहा ठोके पुढं एक्सचेंजला जातात. कुणी उतावळेपणानं बोटानं तबकडी माघारी ढकलली की ठोके बिघडायचे आणि फोन भलत्याच घरी लागायचा. आप्पांकडं आता बटणांचा फोन आहे, तरी त्यांचं बोट बघ कधी: शून्य दाबून ते बराच वेळ थांबतात, आठानंतरही तसंच, तीनानंतर थोडं, एकानंतर लगेच पुढं. नसलेली तबकडी अजून त्यांच्यापुरती फिरते आहे.

आणि वेळ पहाटेचीच का? एके काळी आप्पांचा बेळगावला बहिणीला फोन म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून वाट बघत बसणं, आणि पैसे तीन-तीन मिनिटांच्या हिशेबानं. पुढं एस.टी.डी. आलं तेव्हा रात्री उशिरापासून पहाटे सहापर्यंत दर दिवसाच्या चौथाई असे. तिथल्या शहापुरातल्या त्यांच्या या आक्का पाचला उठून चूल पेटवणाऱ्या, आप्पाही तसेच. मग दोघा बहीणभावांनी दिवसाचा दर कशाला भरावा? सहाच्या आत बोलणं उरकायचं, तेही वाळूचं घड्याळ ठेवल्यासारखं मोजून. (तुमच्या पिढीला फुकट बोलता येतं, बोला बापडे, पण पहाटे उठायला कुणी मनाई केलेली नाही.)

आता नंबराचं. आप्पा फिरवतात तो आकडा बरोबर होता, एकही अंक इकडचा तिकडं नाही. खाजगी कंपन्या फोनच्या धंद्यात उतरल्या होत्या आणि 2002-03 च्या सुमारास कुणाचा फोन कुठल्या कंपनीचा हे पहिल्या आकड्यावरून ओळखता यावं म्हणून बी.एस.एन.एल.च्या घरगुती नंबरांपुढं 2 लागला. बेळगावचे सहा आकडे सात झाले, आपले निपाणीचे पाचाचे सहा. बेळगावचा कोड 0831 तोच राहिला. त्यामुळं आप्पांचा एक आकडा कमी पडतो. मग फोन थोडा वेळ मुका राहतो आणि कानडीतून एक बाई नंबर तपासायला सांगते. आप्पा तिला अदबीनं ‘आयतरी’ म्हणतात, फोन ठेवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. सुनेनं नवा नंबर ठळक अक्षरांत भिंतीवर लावून पाहिला. आप्पा तो मोठ्यानं वाचतात आणि बोट मात्र जुनाच दाबतं. काल काय जेवले हे त्यांना आठवत नाही, पण हे हातात मुरलेलं आहे.

तू गेल्यावर आमच्या गल्लीतले निवृत्त लाईनमन ओसरीवर येऊन बसले. दोन-तीन पहाटा नुसतं बघत राहिले, मग सुनेला म्हणाले, ‘त्यांचा नंबर कशाला बदलताय? 0831 झाल्यावर ते चष्मा सारखा करतात बघा. तेवढ्यात तुम्ही 2 दाबा.’ फार वेळ मध्ये गेला तर एक्सचेंज फोन तोडतं, पण चष्मा सारखा करायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्याच दिवशी बेल गेली. आक्का जाऊन बरीच वर्षं झाली, आप्पांनीच खांदा दिला होता. पण भाच्यानं इंटरनेटसाठी तो जुना नंबर ठेवला आहे. भाचेसुनेनं उचलला. आप्पांनी आक्कांना बोलवायला सांगितलं नाही. पाऊस किती झाला, गूळ काय भावानं घेतला, पोरं शाळेला जातात का, एवढं विचारलं आणि ‘तीन मिनिटं होत आली, ठेवतो’ म्हणून ठेवून दिला. भाचेसून आता साडेपाचला उठून फोनजवळ चहा घेते म्हणे.

दिवाळीत तू येशील तेव्हा सून माहेरी असणार. तेव्हा 2 दाबायचं काम तुझ्याकडं. आप्पांना काही सांगायचं नाही, उजव्या हाताला उभं राहायचं, कारण डावा कान त्यांना कमी ऐकू येतो आणि मागून कुणी आलं की दचकतात. आणि रात्री लवकर झोप, बाबा; साडेपाच म्हणजे साडेपाच.

तुझा
आजोबा