नाही म्हणायची सोय

समजा, इस्तंबूलच्या एका कचेरीत तुम्ही काम करता आणि शेजारच्या विभागात एलिफ नावाची बाई नव्याने रुजू झाली आहे. ओळख व्हावी म्हणून तिला कॉफीला बोलवायचं आहे, आणि निरोप फोनवरून तुर्कीत पाठवायचा आहे. बोलावणं मनापासूनचं वाटायला हवं, पण तिला यायचं नसेल तर तिची पंचाईतही होता कामा नये. आग्रह वाढला की नकार अवघड होतो, आणि बोलावणं फार सैल ठेवलं तर ते खरं वाटत नाही.

सुरुवात संबोधनापासून. ‘मेरहबा एलिफ हानम’ असं लिहायचं. बाईच्या पहिल्या नावापुढे ‘हानम’, पुरुषाच्या नावापुढे ‘बे’. आडनावाची गरज नाही. आपल्याकडच्या ताई-रावांसारखीच ही पद्धत. 1934 साली तुर्कस्तानात कायदा करून बे, हानम, एफेंदी, पाशा अशा उपाध्या रद्द केल्या गेल्या, तरी रोजच्या बोलण्यातून हानम आणि बे गेले नाहीत. क्रियापदही ‘सिझ’चं, म्हणजे अहो-जाहोचं हवं, मग ती तुमच्याच वयाची का असेना. ‘सेन’वर, म्हणजे अरे-तुरेवर, येण्याचा प्रस्ताव सहसा वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाकडून येतो. पहिल्याच निरोपात सलगी दाखवली तर नकार देणाऱ्याला उगाच आपण मन मोडतोय असं वाटतं.

मग विचारणा. ‘बीर काहवे इचेलिम मी?’ म्हणजे ‘एक कॉफी घेऊ या का?’ मराठी कानाला हे लगेच पटतं, कारण आपल्या ‘घेऊ या का’सारखंच त्यातही दोघांना धरून सुचवलेलं असतं आणि शेवटी प्रश्न असतो. याउलट ‘बेक्लियोरुम’, म्हणजे ‘वाट पाहते’, असं लिहिलं की समोरचीचं येणं गृहीत धरल्यासारखं होतं. ‘इस्मार्लायायम’, म्हणजे ‘मी पाजते’, हेही पहिल्या निरोपात नको. एका कॉफीची आठवण चाळीस वर्षं राहते अशी तुर्कीत म्हण आहे. तिथे पाजलेली कॉफी लोक लक्षात ठेवतात. नव्या माणसावर असं ऋण कशाला?

सर्वांत जास्त चुकतं ते पुढच्या ठिकाणी. पुष्कळजण आधी नुसतं ‘पेर्शेम्बे मुसाइत मिसिनिझ?’, म्हणजे ‘गुरुवारी मोकळ्या आहात का?’, एवढंच पाठवतात. कशासाठी हे कळायच्या आत ती ‘हो’ म्हणून बसते, आणि मग निसटायला वाट उरत नाही. दुसरं टोक म्हणजे ‘बीर आरा इचेलिम’, ‘कधीतरी घेऊ या’. हे तिथे निरोप घेताना कुणीही कुणालाही म्हणतं. ते ऐकून कुणी दिवस ठरवायला बसत नाही. म्हणून दिवस आणि वेळ सांगायची, पण जर-तर घालून, आणि कारण आधी सांगून. जेवणाच्या सुट्टीतली वेळ सगळ्यांत बरी, कारण सुट्टी संपली की कॉफीही आपोआप संपते.

सगळं जुळवून निरोप असा होतो: ‘मेरहबा एलिफ हानम, बेन मुहासेबेदेन मीरा. आरामझा होश गेल्दिनिझ. पेर्शेम्बे ओले आरासन्दा मुसाइत ओलुर्सानझ आशादाकी काफेदे बीर काहवे इचेलिम मी? योउन्सानझ हिच सोरुन देईल.’ मी हिशेब विभागातली मीरा, आमच्यात तुमचं स्वागत, गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत जमलं तर खालच्या कॅफेत एक कॉफी घेऊ या का, कामात असाल तर काहीच हरकत नाही.

शेवटचं वाक्य मला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. ‘योउन’, म्हणजे कामात गढलेली, हा शब्द आपणच तिच्या हाती देतो. नको असेल तर तिने तोच उचलून परत करायचा: ‘बु हाफ्ता बिराज योउनुम’, ‘या आठवड्यात जरा कामात आहे’. कारण शोधायला नको, खोटं रचायला नको. सोबत तिने दुसरा दिवस सुचवला तर ती खरंच अडकलेली आहे. नाही सुचवला तर तो नकार समजायचा. उत्तर एवढंच: ‘हिच सोरुन देईल, कोलाय गेल्सिन’, म्हणजे हरकत नाही, काम सोपं जावो. लगेच ‘मग सोमवारी?’ विचारायचं नाही. तुर्की घरात पाहुण्याला आग्रह होतो, पाहुणाही एकदोनदा नको म्हणतो, ती रीत घरातच शोभते.

रमजानच्या महिन्यात मात्र दुपारचं बोलावणं पुढे ढकलावं. सगळेच रोजे धरतात असं नाही, पण ‘नको’ म्हणताना आपण रोजा धरतो की नाही हे तिला एका अनोळखी माणसाला सांगावं लागतं.

आणि तुम्ही तिचे वरिष्ठ असाल, तर क्रियापद कितीही मऊ ठेवा, ‘योउनुम’ लिहिताना ती दहा वेळा विचार करेल. अशा वेळी एकटीला बोलावूच नये. विभागातली चार माणसं जिथे कॉफीला जमतात, तिथे तिने यावं असं सर्वांना मिळून पाठवलेल्या निरोपात लिहावं, म्हणजे ती आली नाही तरी कुणी तिला विचारणार नाही.